दुभाषीचा 'मी' की बाईचा 'मी'? मुलाखतीचा गोषवारा लिहिताना अडले आहे

सातपुडा_वाट

नमस्कार मंडळी. मेळघाटातल्या कोरकू गावांमध्ये बाळंतपणाच्या अनुभवांवर आम्ही मुलाखती घेत आहोत. मला कोरकू येत नाही, माझ्या सहकारी मैत्रिणीलाही नाही. त्यामुळे गावातल्याच आशा कार्यकर्त्या, आमच्या आशाताई, दुभाषी म्हणून बसतात. रेकॉर्डिंग ऐकून मजकूर उतरवणारा मुलगा अकोल्याचा आहे. त्याने मराठी तेवढं लिहिलं आणि जिथे कोरकू आहे तिथे फक्त '(कोरकू)' असं टाकून दिलं. आता प्रत्येक मुलाखतीचा एका पानाचा गोषवारा करायचा आहे आणि अकराव्या मुलाखतीवर मी चार दिवस अडकून पडले आहे. ओळख पटेल असे तपशील काढून तुकडा देते:

प्रश्न: त्या रात्री काय काय झालं?
(कोरकू)
दुभाषी: रात्रीपासून पोटात दुखत होतं. मी सासूला सांगितलं. सासू म्हणे थांब, सकाळ होऊ दे. मी दोनदा फोन केला. गाडी आली नाही. मग मी घाबरली.
(कोरकू)
दुभाषी: नाही म्हणते, दवाखान्यात नव्हतं जायचं. मी तर सातव्या महिन्यापासून सांगत होती.

यावरून मी लिहिलं होतं: 'कळा सुरू झाल्यावर महिलेने सासूला सांगितले. तिने गाडीसाठी दोनदा फोन केला, पण गाडी आली नाही. ती घाबरली. तिला दवाखान्यात जायचे नव्हते. सातव्या महिन्यापासून ती तसे सांगत होती.'

आमच्या वरिष्ठ बाईंनी वाचून एवढंच विचारलं, 'जिला दवाखान्यात जायचंच नव्हतं, ती गाडीला दोनदा फोन कशाला करेल?' तेव्हा माझ्या लक्षात आलं की यातला प्रत्येक 'मी' एकाच बाईचा आहे हे मी मनानेच धरून चालले होते. आशाताई त्या रात्री तिथे होत्या, हे मला दुसऱ्या मुलाखतीतून कळलं आहे. म्हणजे त्या नुसत्या दुभाषी नाहीत, गोष्टीतल्या एक पात्रही आहेत. हे वेगळं कसं करायचं?

टाक_दौत

यात अडण्यासारखं काही नाही. दुभाषी नेहमी प्रथमपुरुषीच बोलतो, तो नियमच आहे. साक्षीदार 'मी गेलो' म्हणाला तर दुभाषीही 'मी गेलो' म्हणतो, 'तो म्हणतो की तो गेला' असं नाही. मी परिषदांमध्ये हे काम जवळून पाहिलं आहे. त्यामुळे ट्रान्सक्रिप्टमधला प्रत्येक 'मी' मूळ बोलणाऱ्याचाच समजा. तुमचा पहिला गोषवारा बरोबर होता. माणसं परस्परविरोधी बोलतात, त्याला इलाज नाही.

दोन_भाषांमध्ये

टाक_दौत, नियम तुम्ही बरोबर सांगितलात, पण तो शिकलेल्या दुभाषांचा आहे. मी इंग्लंडमध्ये बरीच वर्षं दवाखान्यांत आणि कोर्टात मराठी, हिंदी, गुजरातीची दुभाषी होते. आम्हाला पहिल्याच आठवड्यात दोन गोष्टी पक्क्या करून घ्यायला लावतात. बोलणाऱ्याचं बोलणं 'मी' म्हणून सांगायचं. आणि स्वतःला काही बोलायचं असेल तर 'मी' शब्द तोंडातच आणायचा नाही, 'दुभाषीला हा शब्द पुन्हा ऐकायचा आहे' असं स्वतःबद्दल तिसऱ्या माणसासारखं बोलायचं. पहिला नियम दुसऱ्याच्या आधारावर उभा आहे. दुसरा पाळलेला नसेल तर पहिल्याला काही अर्थ उरत नाही.

आशाताईंना हे कुणी शिकवलेलं नाही, त्यात त्यांचा दोष नाही. तुमच्या तुकड्यात त्या एका दमात तीन तऱ्हांनी बोलल्या आहेत. 'रात्रीपासून पोटात दुखत होतं' ही बाई होऊन बोललेली ओळ. 'नाही म्हणते' ही बाईबद्दल सांगितलेली. आणि 'मी तर सातव्या महिन्यापासून सांगत होती' ही जवळपास नक्कीच त्यांची स्वतःची, कारण तो 'मी तर' तक्रारीचा आहे आणि तो तुम्हाला उद्देशून आहे. तुमच्या गोषवाऱ्यात मात्र ती ओळ 'ती तसे सांगत होती' अशी झाली. ज्या बाईला सातव्या महिन्यापासून दवाखान्यात जा म्हणून सांगितलं जात होतं, तीच सातव्या महिन्यापासून नाही म्हणत होती, असं तुमच्या हातून लिहिलं गेलं. अर्थ नुसता सरकला नाही, पार उलटा झाला.

आता मुख्य गोष्ट. हे कोडं मराठी मजकुरातून सुटणार नाही, रेकॉर्डिंगकडे परत जावं लागेल. प्रत्येक मराठी ओळीच्या आधी कोरकू बोलणं आहे का, कुणाच्या आवाजात आणि किती सेकंद, एवढं घड्याळ लावून बघा. त्यासाठी कोरकू यायची गरज नाही. ज्या 'मी'च्या आधी बाईचा आवाजच नाही, तो 'मी' बाईचा असू शकत नाही. उलटही बघा: बाई पाऊण मिनिट बोलली आणि मराठीत दोन वाक्यं आली, तर आशाताईंनीच एकदा गोषवारा केला आहे आणि तुम्ही गोषवाऱ्याचा गोषवारा करत आहात. हे तुमच्या पानावर दिसलं पाहिजे.

पंचगंगा

मला वाटतं क्रियापदावरून कळेल. मराठीत बाई 'मी गेले' म्हणते, पुरुष 'मी गेलो'. आशाताई एखाद्या पुरुषाचं बोलणं सांगताना 'मी गेलो' म्हणाल्या, की ते त्यांचं स्वतःचं नाही हे लगेच समजेल. हिंदीतही असंच. नवऱ्यांच्या मुलाखती असतील तिथे हे लावून बघा.

पण आमच्या कोल्हापुराकडच्या बायका स्वतःबद्दलही 'मी आलो', 'मी जातो' म्हणतात, तेव्हा दुभाषी आमच्याकडची असेल तर ही खूण चालायची नाही.

दोन_भाषांमध्ये

खूण चांगली आहे, पण हिची ताकद नेमकी नको तिथे संपते. 'मी गेले', 'मी घाबरले' यात बोलणारीचं लिंग दिसतं. 'मी सांगितलं', 'मी फोन केला', 'मी बघितलं' यात दिसत नाही, कारण तिथे क्रियापद कर्माच्या मागे जातं. फोन पुल्लिंगी म्हणून 'केला', मग करणारी बाई असो की बुवा. आणि मुलाखतीत ज्यावर वाद होतो ती वाक्यं बहुतेक अशीच असतात: कुणी सांगितलं, कुणी फोन केला, कुणी पैसे दिले. शिवाय इथे दोघीही बायका आहेत, तेव्हा 'मी घाबरली' दोघींपैकी कुणाचंही असू शकतं.

वऱ्हाडी_पाऊल

एक छोटी दुरुस्ती, कामाची आहे म्हणून. 'सासू म्हणे थांब' यातलं 'म्हणे' पुण्याच्या अर्थाने घेऊ नका. पुण्यात 'गाडी आली नाही म्हणे' म्हणजे ऐकीव बातमी. आमच्या वऱ्हाडात 'सासू म्हणे' म्हणजे सासू म्हणायची, म्हणत होती. तुमचा अकोल्याचा मुलगा हे बरोबर समजेल, पण गोषवारा लिहिणारी पुण्याची असेल तर ती 'सासूने थांबायला सांगितले असे ऐकिवात आहे' असं लिहून बसेल. आणि वाक्याच्या शेवटी 'म्हणे' आलं, तर ते ऐकीव कुणाला हेही विचारा. बाईने दुसऱ्याकडून ऐकलं, की आशाताई बाईच्या बोलण्यापासून स्वतःला बाजूला ठेवत आहेत? दोन्ही होऊ शकतं.

गोदाकाठ_७१

हे सगळं दवाखान्यांच्या निष्काळजीपणामुळे होतं. माझ्या आईला चेन्नईच्या एका दवाखान्यात नेलं होतं. तिला तमिळ येत नाही, डॉक्टरांना मराठी नाही. भाचा तिथेच नोकरीला, तो मध्ये बोलत होता. डॉक्टरांनी रक्तदाबाच्या गोळ्यांबद्दल विचारलं, तर भाचा म्हणाला, 'मी गेल्या आठवड्यात बंद केल्या.' त्याचा अर्थ, त्याने आईला देणं बंद केलं, कारण तिला चक्कर येत होती. कागदावर काय आलं? रुग्णाने स्वतःच्या मनाने औषध सोडलं. पुढचे तीन डॉक्टर आईला रागावले. ती बिचारी गप्प. तिला कशाबद्दल बोलणी बसत आहेत हेच कळत नव्हतं.

टाक_दौत

गोदाकाठ, वाईट वाटलं वाचून. पण यात दवाखान्यापेक्षा भाच्याचा 'मी' नडला. डॉक्टरांनी कागदावर 'भाच्याच्या सांगण्यावरून' एवढे दोन शब्द लिहिले असते तर पुढच्याने पुन्हा विचारलं असतं. माझं पहिलं मत मी मागे घेतो. घरच्या माणसाला परिषदेतल्या दुभाषीचा नियम लावता येत नाही.

जुना_पेशकार

कोर्टात आमच्याकडे याचा बंदोबस्त आहे. दुभाषीला खरं भाषांतर सांगायला कायद्याने बांधलेलं असतं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ते कलम २८२ होतं, नवीन कायद्यातही तरतूद आहे. गडचिरोलीकडे गोंडी बोलणारे साक्षीदार येत, तेव्हा शपथ आधी दुभाषीची आणि मग साक्षीदाराची. जबानी 'मी' म्हणूनच लिहितात आणि तो 'मी' साक्षीदाराचाच असतो. तेव्हा तुमच्या आशाताईंना शपथ द्या.

दोन_भाषांमध्ये

पेशकारसाहेब, शपथेने माणूस खरं सांगेल, पण कोणता 'मी' कुणाचा हे शपथेने कागदावर उतरत नाही. उलट कोर्टाची जबानी ही आणखी एक अडचण दाखवते. प्रश्न आणि उत्तर मिळून तिथे एक सलग कथन होतं. 'तू घाबरलीस का?' 'हो.' कागदावर येतं, 'मी घाबरले.' तो शब्द वकिलाचा, 'हो' तेवढं साक्षीदाराचं. सातपुडा_वाट, तुमच्या तुकड्यातल्या दुसऱ्या '(कोरकू)'मध्ये मला नेमकी हीच शंका आहे. तिथे आधी कोण बोललं आहे, ते ऐका.

जुना_पेशकार

हे मात्र खरं. नाजूक ठिकाणी प्रश्न आणि उत्तर दोन्ही जसंच्या तसं लिहून घेण्याचा अधिकार न्यायाधीशांना असतो, तो यासाठीच.

सातपुडा_वाट

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री हेडफोन लावून घड्याळासमोर बसले. जे सापडलं ते सांगते.

पहिलं '(कोरकू)' ५२ सेकंदांचं आहे आणि त्यात दोन आवाज आहेत. बाई साधारण ३५ सेकंद बोलते, मध्ये आशाताई काहीतरी विचारतात, बाई पुन्हा बोलते. मराठी आलं १४ सेकंदांचं.

दुसरं '(कोरकू)' जेमतेम ६ सेकंदांचं. त्यातले ४ सेकंद आशाताई बोलत आहेत! बाईचा एकच शब्द आहे. म्हणजे 'दवाखान्यात नव्हतं जायचं' हे वाक्य बाईचं नसणार. आशाताईंनी विचारलं असावं आणि बाईने हुंकार दिला असावा. मी तर हा प्रश्न विचारलेलाच नव्हता.

शेवटच्या 'मी तर सातव्या महिन्यापासून'च्या आधी बाईचा आवाज नाहीच. ती ओळ आशाताईंची, यात आता मला शंका नाही.

राहिला फोन. 'मी दोनदा फोन केला' ही ओळ ५२ सेकंदांनंतरच्या तुकड्याच्या मध्यभागी आहे, त्यामुळे घड्याळ मदत करत नाही. आधीची ओळ बाईची, म्हणून हीही बाईची म्हणायची का?

दोन_भाषांमध्ये

नाही. शेजारच्या ओळीवरून ठरवू नका, बोलताना माणूस वाक्यावाक्याला जागा बदलतो. आणि 'बाईकडे मोबाईल कुठला, आशाताईंनीच केला असणार' असंही ठरवू नका. तो तुमचा अंदाज आहे आणि गोषवाऱ्यात अंदाज फार पटकन वस्तुस्थितीचे कपडे घालतो. कोरकू जाणणाऱ्याला तेवढी ५२ सेकंदं ऐकवा.

धारणीचा_मास्तर

मी कोरकू आहे, शाळेत शिकवतो. रेकॉर्डिंग मला पाठवू नका, त्या बाईने तुम्हाला परवानगी दिली आहे, मला नाही. तुमच्याच गटातला कुणी कोरकू मुलगा-मुलगी असेल तर त्यांना ऐकवा. पण काय ऐकायचं ते सांगतो.

आमच्या बोलीत 'तो' आणि 'ती' असा भेद नाही. माणूस एवढंच कळतं. तेव्हा मराठीत 'त्याने नको म्हटलं' किंवा 'तिने नको म्हटलं' असं जिथे येतं, तिथे तो 'त्याने-तिने' दुभाषीने स्वतःच्या माहितीतून घातलेला असतो. बहुतेक वेळा बरोबर असतो, पण तो बाईने दिलेला नाही.

दुसरं, आम्हाला 'आम्ही' एकच पुरत नाही. दोघांचं 'आम्ही' वेगळं, पुष्कळांचं वेगळं. आणि समोरच्याला धरून वेगळं, वगळून वेगळं. मराठीत 'आपण' आणि 'आम्ही' आहे तेवढं तरी येतं, पण दोघांचं मराठीत कुठे न्यायचं? आमची पोरं मराठी बोलताना ते कधी 'आम्ही' करतात, कधी नुसतं 'मी' करतात. फोनच्या जागी नेमकं काय आहे ते ऐकायला सांगा.

पंचगंगा

मास्तर, हे माहीतच नव्हतं. म्हणजे मराठीतला 'मी' मुळात 'मी' नसेलही!

सातपुडा_वाट

मास्तर, तुमचे उपकार विसरणार नाही. आमच्या दुसऱ्या गटात धारणी तालुक्यातलीच एक मुलगी आहे, संमतीपत्रात तिच्यासकट सगळ्या गटाचा उल्लेख आहे. तिने ती ५२ सेकंदं सहा वेळा ऐकली.

फोनच्या जागी 'मी' नाही. 'आम्ही दोघींनी' आहे, ऐकणाऱ्या मला वगळून. बाई आणि तिच्या शेजारी बसलेली आशाताई, या दोघी. त्या मध्ये आशाताईंनी जे विचारलं, ते 'आपण दोघींनी दोनदा केला ना?' असं आहे, आणि त्यावर बाई हो म्हणून पुढे सांगते. आशाताईंच्या मोबाईलवरून लावला होता. स्वतःच तो फोन केलेला असल्यामुळे मराठी करताना त्यांच्या तोंडून 'मी' आलं असावं. इतके दिवस मी बाई की आशाताई असं विचारत होते आणि उत्तर दोघी असं निघालं.

'मग मी घाबरली' बाईचंच आहे. कोरकूत त्याच्यापुढे आणखी एक वाक्य आहे, ते मराठीत आलंच नाही: पहिल्या बाळाच्या वेळी काय झालं होतं, ते ती सांगत होती. ते सुटलेलं वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं, कारण तिच्या घाबरण्याचं कारण तेच होतं.

आणि ६ सेकंदांच्या तुकड्यात आशाताईंनी विचारलं आहे, 'तुला जायचं नव्हतं ना दवाखान्यात?' बाईचा शब्द मात्र लागत नाही. बाहेर कुणीतरी कुदळ मारत होतं. मुलगी म्हणते 'हं' असेल किंवा नुसतं नि:श्वास टाकणं असेल.

आता माझा मसुदा असा आहे, कृपया पाहा:

'कळा रात्री सुरू झाल्या. महिलेने सासूला सांगितले, सासूने सकाळपर्यंत थांबायला सांगितले. महिलेच्या सांगण्याप्रमाणे तिने आणि दुभाषीने (दुभाषी याच गावच्या आशा कार्यकर्त्या असून त्या रात्री उपस्थित होत्या) मिळून गाडीसाठी दोनदा फोन केला. गाडी आली नाही. पहिल्या बाळंतपणाच्या अनुभवामुळे ती घाबरली होती (हे कारण मूळ कोरकूत आहे, मुलाखतीतल्या मराठी भाषांतरात नाही). दवाखान्यात जायचे नव्हते का, हे दुभाषीने स्वतःहून विचारले. महिलेचे उत्तर ऐकू येत नाही. सातव्या महिन्यापासून आपण सांगत होतो, हे दुभाषीचे स्वतःचे म्हणणे आहे.'

दोन_भाषांमध्ये

पहिल्या मसुद्याशेजारी हा ठेवून वाचला. तिथे न जाण्याचा दोष बाईवर येत होता, इथे ती मदत शोधत होती हे दिसतं. एकच सुचवते: 'स्वतःहून विचारले' याच्यापुढे प्रश्न जसा होता तसा लिहा. 'जायचं नव्हतं ना' यात उत्तर आधीच भरलेलं आहे आणि वाचणाऱ्याला ते दिसायला हवं.

बाकीच्या मुलाखतींमध्ये सगळं रेकॉर्डिंग पुन्हा ऐकायला वेळ नसेल, तर निदान ज्या 'मी'वर निष्कर्ष उभा आहे तेवढे ऐका. आणि इथून पुढे बसण्याआधी आशाताईंशी ठरवून घ्या की स्वतःचं सांगताना त्यांनी 'आशा म्हणून सांगते' असं म्हणायचं. विसरतील, पण दहातल्या सहा वेळा म्हटलं तरी पुष्कळ झालं. मुलाखत संपल्यावर त्याच दिवशी शंकेच्या चार ओळी त्यांना विचारून घ्या. आठवड्याने विचारलं तर त्या आठवणीतून नाही, अंदाजाने सांगतील.

वऱ्हाडी_पाऊल

मला एक खटकतं. 'दुभाषीचे स्वतःचे म्हणणे' तुम्ही अहवालात घालत आहात. पण मुलाखतीला संमती बाईने दिली, आशाताईंनी दिली ती दुभाषी म्हणून. उद्या कुणी हे वाचून म्हणेल, आशाला सातव्या महिन्यापासून माहीत होतं तर तिने पुढे काय केलं? गावात आशा एकच आहे. नाव काढलं तरी ओळखायला काय लागतं?

धारणीचा_मास्तर

हे बरोबर बोलले. आणि दुसऱ्या बाजूनेही बघा. आशाताई शेजारी बसलेल्या असताना बाई 'मला कुणी सांगितलंच नव्हतं' असं म्हणू शकली असती का? तिचं बाळ, तिचं लसीकरण, पुढचं सगळं त्याच बाईच्या हातात आहे.

जुना_पेशकार

मग ते वाक्य काढून टाका.

सातपुडा_वाट

काढलं तर ट्रान्सक्रिप्टमध्ये ते राहतंच, आणि पुढे वाचणारा माझ्यासारखाच ते बाईच्या नावावर टाकेल. ठेवलं तर आशाताई उघड्या पडतात. आज त्यांना फोन करून विचारलं. तुमचं हे वाक्य तुमचं म्हणून ठेवू का? त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, 'ठेवा, पण गाडीला फोन लागल्यावर पलीकडून काय म्हणाले तेही लिहा.' ते मी त्यांना विचारलंच नव्हतं. आता त्यांची वेगळी संमती घेऊन, आशा म्हणून, वेगळी मुलाखत घ्यायला शनिवारी जाते आहे. या वेळी दुभाषी लागणार नाही. अकराव्या मुलाखतीचं पान तोवर मसुदाच ठेवते.

गोदाकाठ_७१

शनिवारनंतर इथे नक्की लिहा. आणि आईच्या कागदावरची ती ओळ आता बदलून घेता येईल का, कुणाला माहीत असेल तर सांगा.